सिलिका जेल ठेवूनही लेन्सला बुरशी का लागते? पावसाळ्यात कॅमेरा आणि माईक ठेवताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांकडे येणाऱ्या बुरशीच्या लेन्सबरोबर एक वाक्य हमखास येतं: "पण मी बॅगेत जेल ठेवलं होतं." खोटं नसतं ते. जेल असतंच, पण बुटांच्या खोक्यातून आलेली दोन-तीन ग्रॅमची पुडी असते. ती कधीच सादळलेली असते आणि ठेवलेली असते चेन लावलेल्या कापडी बॅगेत, म्हणजे जवळपास उघड्यावरच.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊ नयेत असं काही करता येत नाही. हातात असते ती फक्त आर्द्रता. सापेक्ष आर्द्रता बराच काळ 60-65 टक्क्यांच्या वर राहिली, की लेन्सवरची धूळ आणि बोटांच्या ठशांचा तेलकट थर यांवर बुरशी धरते. 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान ती वाढत नाही. म्हणून सगळा खटाटोप हा आकडा राखण्यासाठी आहे. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट हे काम आपोआप करतं. पण दोन-तीन लेन्स, एक बॉडी आणि एखाद-दुसरा माईक असेल, तर रबरी पट्टी आणि चारी बाजूंनी खटके असलेला 10-12 लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, 100 ग्रॅम जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर एवढ्यावर भागतं. चुका होतात त्या हे सगळं आणल्यानंतर.

चूक पहिली: पाणी हवेत आहे असं समजणं

थोडा हिशेब करू. बाहेर 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असताना 12 लिटर हवेत पाण्याची वाफ असते सुमारे 0.3 ग्रॅम. ती 45 टक्क्यांवर आणायला जेलने शोषायचं पाणी फक्त 0.15 ग्रॅम. 45 टक्क्यांच्या आसपास 100 ग्रॅम चांगलं जेल साधारण 20 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे डबा महिनाभर रोज दोनदा उघडला तरी 9 ग्रॅमच खर्ची पडतात. जेल दीड-दोन महिने सहज पुरायला हवं.

प्रत्यक्षात ते आठवड्यात सादळतं, कारण पाणी हवेतून येतच नाही. ते आपण स्वतःच्या हाताने डब्यात ठेवतो. सुती कापड दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या 14-15 टक्के पाणी धरून बसतं आणि कोरड्या डब्यात त्यातलं निम्म्याहून अधिक सोडतं. सुती पट्टा आणि पुसायचं फडकं मिळून 100 ग्रॅम असेल, तर त्यातून सात-आठ ग्रॅम पाणी निघतं. डब्यातल्या हवेपेक्षा हे पन्नास पट आहे! लेन्सबरोबर आलेली चामडी केस, बॅगेतून काढलेले फोमचे कप्पे, मॅन्युअल, बिलं, पुठ्ठ्याचं खोकं ही सगळी त्याच जातीची मंडळी. डब्यात फक्त काच, धातू आणि प्लॅस्टिक जाऊ द्या. लेन्स एकमेकींवर आपटू नयेत म्हणून काही हवंच असेल, तर पॉलिएस्टरचं पातळ कापड चालतं, ते पाणी फार कमी धरतं.

जेल किती वेगाने सादळतं, ते मोजा

रंग बदलणारं जेल बहुतेक जण घेतात, पण रंग फार उशिरा आणि ढोबळ सांगतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा जास्त कामाचा. वाळवलेलं जेल पुरचुंडीत बांधून वजन करायचं आणि ते पुरचुंडीवरच लिहून ठेवायचं. मग साधं पांढरं, रंग न बदलणारं जेलही चालतं.

समजा, पुरचुंडी 100 ग्रॅमची होती आणि आठ दिवसांनी 121 ग्रॅम भरली. डबा रोज दोनदा उघडला, म्हणजे त्यातून आले जेमतेम अडीच ग्रॅम. उरलेले साडेअठरा ग्रॅम कुठून आले? सगळं सामान बाहेर काढा, जेल पुन्हा वाळवा आणि रिकाम्या डब्यात ते आणि हायग्रोमीटर ठेवून आठवडाभर झाकण उघडू नका. वजन एक-दोन ग्रॅमनेच वाढलं, तर डबा ठीक आहे, दोष आतल्या सामानाचा. आठ-दहा ग्रॅम वाढलं, तर झाकण गळतंय. रबरी पट्टीत केस किंवा वाळूचा कण अडकलेला असतो, पट्टी कोपऱ्यात दबून सपाट झालेली असते किंवा एक खटका सैल असतो. झाकणात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढून पाहा. जिथे ती सहज सरकते, तिथे फट आहे.

हायग्रोमीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. स्वस्त यंत्रांत पाच टक्क्यांची चूक अगदी सर्रास असते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं ओलसर होईल एवढंच पाणी घाला, आणि ते हायग्रोमीटरसोबत हवाबंद झिप पिशवीत रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 70 दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

आकडा 30 च्या खाली जात असेल, तर जेल जास्त झालंय. अति कोरडेपणात रबर आणि चामडं कडक पडतं. अर्धं जेल काढून घ्या.

चूक दुसरी: जेल उन्हात वाळवणं आणि गरम गरम परत ठेवणं

पावसाळ्यातल्या उन्हात जेल वाळत नाही, उलट 80 टक्क्यांच्या हवेत आणखी सादळतं. ओव्हन असेल तर 110-120 अंशांवर, ट्रेमध्ये पातळ पसरून दोन तास. नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर, हलवत राहून, वजन उतरायचं थांबेपर्यंत. आच मोठी केली की दाणे तडकतात, त्यांची भुकटी होते आणि ती पुढे लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते. म्हणून पुरचुंडी घट्ट विणीच्या कापडाचीच हवी, आणि ती पॉलिएस्टरची असेल तर उत्तम.

निळं जेल शक्यतो घेऊ नका. त्याचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, आणि ते विषारी आहे. घरात आधीच असेल, तर खाण्याच्या भांड्यात गरम करू नका आणि हात धुवा. नारिंगी जेलमध्ये सहसा कोबाल्ट नसतं.

वाळलेलं जेल उघड्यावर निवत ठेवलं की निवता निवताच ते पाणी ओढू लागतं. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात निवू द्या, मग पुरचुंडीत भरा.

डांबराच्या गोळ्या आणि तांदूळ, दोन्ही नकोत. गोळ्यांची वाफ काचेवर बसते आणि काही प्लॅस्टिकही खराब करते. तांदूळ फारसं पाणी ओढत नाही, पिठाची धूळ मात्र देतो.

चूक तिसरी: बाहेरून आल्या आल्या डब्यात, आणि एसीतून थेट पावसात

बाहेर 29 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू 26 अंशांच्या आसपास येतो. 23 अंशांच्या एसी खोलीतून काढलेली लेन्स त्याहून थंड असते, म्हणून तिच्यावर लगेच धुकं धरतं. समोरचं धुकं पुसता येतं. नेमक्या त्याच वेळी झूम फिरवला तर दमट हवा आत ओढली जाते आणि आतल्या काचांवर थर धरते, तो पुसता येत नाही. बाहेर पडण्याआधी कॅमेरा एसीतच झिप पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. धुकं पिशवीवर धरेल.

परतल्यावर उलटा क्रम. झूमची नळी बाहेर आलेली असेल तर ती आत ढकलण्याआधी पुसायची, नाहीतर पाणी आणि लाल माती नळीसोबत आत जाते. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. कोरड्या कापडाने आधीच घासलं तर मातीचा कण काचेवर ओढला जातो. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे कण उडतात. बोटांचे ठसे त्याच दिवशी काढा, तेच बुरशीचं खाद्य. नंतर एसी खोलीत दोन-तीन तास, आणि मग डबा. रात्रभर बॅगेत राहू देणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

माईकची गोष्ट थोडी वेगळी

डायनॅमिक माईक बराच सोशीक असतो. खरा नाजूक कंडेन्सर, आणि कॉलरला लावायचे छोटे माईकही याच जातीचे. त्यांच्या कॅप्सूलमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यावर विद्युतभार असतो. ओल बसली की भार गळतो आणि हेडफोनमध्ये फुटाण्यांसारखा तडतड आवाज येतो किंवा आवाज खाली जातो. आधी केबल बदलून पाहा. तरीही तडतड राहिली तर फँटम पॉवर बंद करून माईक काढा आणि एक दिवस कोरड्या डब्यात ठेवा. तडतड गेली तर ओल होती. राहिली तर पडद्यावर धूळ बसली असावी, आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. हेअर ड्रायर किंवा ब्लोअर कॅप्सूलवर चालवू नका, पडदा फाटतो.

फोमचं टोपण आणि केसाळ विंडशील्ड माईकवर तसंच ठेवून डबा बंद करणं ही ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची नेहमीची चूक. घाम आणि पाऊस त्यातच साचलेला असतो. टोपण काढून वेगळं वाळवा, ते डब्यात जाणार नाही. रेकॉर्डर आणि ट्रान्समीटरमधले सेलही काढून ठेवा.

बुरशी लागलीच तर

लेन्स बॉडीवरून काढा, ॲपर्चरचं छिद्र पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारून समोरून पाहा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती फोटोत जवळपास दिसत नाही. एका बिंदूपासून फुटणारे बारीक तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधट थर असेल, तर ते आतल्या ग्रीसच्या वाफेचं किंवा ओलीचं धुकं असू शकतं. महिन्यातून एकदा ही पाहणी करा, सुरुवातीचे तंतू फोटोत कळत नाहीत. पुढे प्रकाशाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंतला कॉन्ट्रास्ट उतरू लागतो.

45 टक्क्यांवर वाढ थांबते, तंतू मात्र तिथेच राहतात. उन्हात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने तंतू निघत नाहीत, ग्रीस पातळ होतं, आणि लेन्स बॉडीवर असेल तर एकवटलेलं ऊन शटर जाळू शकतं. बुरशीतून सुटणारी आम्लं कोटिंग कोरतात आणि तो डाग साफसफाईनंतरही राहतो. म्हणून तंतू दिसले, तर दिवाळीपर्यंत थांबण्यापेक्षा लेन्स त्याच आठवड्यात उघडायला द्या, आणि देण्याआधी खर्चाचा आकडा विचारा. जुन्या किट लेन्सच्या बाबतीत तो बऱ्याचदा तशीच दुसरी वापरलेली लेन्स घेण्यापेक्षा जास्त भरतो.