आयएफसी अहवालाची तयारी: ३१ मार्चला कंट्रोल चालू होतं का?

गेल्या वर्षी सहीच्या दोन दिवस आधी आमच्या एका फाइलमधलं अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवरचं, म्हणजे आयएफसीवरचं, मत बदलावं लागलं. हिशोबांमधला एकही आकडा हलला नाही, हिशोबांवरचं मतही स्वच्छ राहिलं, पण ऑडिट अहवालाच्या जोडपत्रातलं आयएफसीवरचं मत 'क्वालिफाइड', म्हणजे अपवाद नोंदवणारं, झालं. फाइलची इन-चार्ज मी होते आणि राहून गेलेली गोष्ट माझीच होती. म्हणून यंदाची कामं हातात घेण्याआधी ही तयारी लिहून काढते आहे.

आधी अहवाल द्यायचा आहे की नाही ते पाहा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४३(३)(आय) सरसकट वाटतं, पण १३ जून २०१७ च्या अधिसूचनेने काही खासगी कंपन्या वगळल्या आहेत. त्यात एका व्यक्तीची कंपनी आणि लघु कंपनी येते. शिवाय ज्या खासगी कंपनीची शेवटच्या लेखापरीक्षित हिशोबांतली उलाढाल ५० कोटींखाली आहे आणि बँका, वित्तीय संस्था व इतर कंपन्यांकडून घेतलेलं एकूण कर्ज वर्षात कधीही २५ कोटींपर्यंत गेलेलं नाही, तीही येते. 'वर्षात कधीही' हे शब्द नीट वाचा. मार्चअखेरची शिल्लक पाहून सूट देऊ नका, वर्षातला सर्वांत मोठा आकडा काढा. आणि कंपनीने वार्षिक हिशोब किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल करण्यात कसूर केली असेल, तर सूट मिळतच नाही.

नियुक्तीपत्र, व्यवस्थापनाचं लेखी निवेदन, प्रक्रियांचे फ्लोचार्ट, वॉकथ्रू हे सगळे करतात. पुढे जाऊ.

आता मुख्य गोष्ट. कंट्रोलची चाचणी आपण दोन वेगळ्या कामांसाठी करतो, आणि फाइलमध्ये ती एकाच कागदावर असते म्हणून दोन्ही कामं एकच वाटू लागतात. हिशोबांच्या ऑडिटमध्ये एसए ३३० हे ऑडिटचं मानक आपल्याला निवड देतं. कंट्रोलवर विसंबून व्हाउचिंग, म्हणजे एकेक व्यवहार कागदांशी ताडून पाहणं, कमी करायचं असेल, किंवा नुसत्या व्हाउचिंगने पुरेसा पुरावा मिळणारच नसेल, तर कंट्रोल तपासायचं. नाहीतर सरळ व्यवहार तपासायचे. तपासलंच, तर ज्या काळासाठी विसंबायचं त्या काळात ते चाललं का एवढं पाहायचं. काही बदललं नसेल आणि मोठी जोखीम नसेल, तर मागच्या ऑडिटचा पुरावाही वापरता येतो. दर तिसऱ्या ऑडिटला एकदा तपासलं की झालं. आयएफसीच्या अहवालात यातली एकही सवलत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या खात्यामागची मुख्य कंट्रोल्स दरवर्षी तपासावीच लागतात, कारण तिथे कंट्रोल हे साधन नसून त्याच्यावरच आपण मत देतो. आणि ते मत एका तारखेचं असतं: ताळेबंदाची तारीख, ३१ मार्च.

ही तारीख मी विसरले. यंदा प्रत्येक वर्किंग पेपरच्या वर ती लिहिणार आहे.

झालं असं. सुमारे १८० कोटी उलाढालीची खासगी कंपनी, माल डीलरमार्फत विकणारी. डीलरना योजनेनुसार सूट मिळायची आणि त्यासाठी विक्री विभाग क्रेडिट नोटा काढायचा, महिन्याला सरासरी १ कोटी ४० लाखांच्या. त्यांवर अकाउंट्सचं एक कंट्रोल होतं: महिना संपला की फायनान्स मॅनेजर सगळ्या क्रेडिट नोटा मंजूर योजनापत्रकांशी ताडून पाहायचे, राहिलेल्या सुटीची तरतूद तपासायचे आणि तक्त्यावर सही करायचे. ऑक्टोबरमध्ये आम्ही जून आणि ऑगस्ट हे दोन महिने काढून तपासले. मॅनेजरनी प्रश्न विचारलेले दिसत होते, दोन नोटा परत पाठवल्याची नोंद होती. छान कंट्रोल. मी 'प्रभावी' असा शेरा मारला आणि पान उलटलं.

ते मॅनेजर डिसेंबरअखेरीस नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी नवे आले मे महिन्यात, तोपर्यंत एप्रिलमध्येच हिशोब बंद झाले होते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांचा आढावा कोणी घेतलाच नाही. आम्ही मार्चनंतरच्या क्रेडिट नोटा तपासल्या, तरतूद पुन्हा मोजली, फरक निघाला ३ लाखांचा. आमची मटेरियॅलिटी, म्हणजे ज्या रकमेपुढची चूक मोठी मानायची ती मर्यादा, ९० लाख. मी निश्चिंत झाले.

फाइलचा स्वतंत्र आढावा घेणाऱ्या पार्टनरनी एकच प्रश्न विचारला: "हे कंट्रोल शेवटचं कधी चाललं?" मी कंपनीकडून तक्ते मागवले. तीन महिन्यांचे तीन तक्ते आले, तिन्हींवर नव्या मॅनेजरची सही, तिन्हींवर मे महिन्यातली एकच तारीख. ती सही कंट्रोल नव्हे. हिशोब बंद झाल्यावर केलेल्या आढाव्याने त्या हिशोबातली चूक अडू शकत नाही. मार्चचा आढावा एप्रिलमध्ये, हिशोब बंद होण्याआधी झाला असता तर तो वर्षअखेरच्या प्रक्रियेचा भाग म्हणून चालला असता. मेमधला चालत नाही.

"पण चूक तर ३ लाखांचीच आहे," असं मी म्हणाले. इथेच दोन कामं सर्वांत जास्त वेगळी होतात, म्हणून सावकाश वाचा. हिशोबांच्या ऑडिटमध्ये प्रश्न असतो, चूक झाली आहे का. आयएफसीत प्रश्न असतो, या कंट्रोलशिवाय मोठी चूक घडून ती वेळेत न सापडण्याची रास्त शक्यता होती का. व्हाउचिंगमध्ये चूक सापडली, तर कंट्रोल बिघडल्याचा तो पुरावा आहे. पण चूक न सापडणं हा कंट्रोल चालल्याचा पुरावा नाही. त्या तीन महिन्यांत ४ कोटी २० लाखांच्या नोटा निघाल्या होत्या, आणि त्या काढणारा व मंजूर करणारा विभाग एकच होता, ज्याचं उद्दिष्टच विक्रीवर मोजलं जायचं. मोजायचा आकडा सापडलेले ३ लाख नाही. बिनआढाव्याने गेलेल्या रकमेतून किती चूक होऊ शकली असती, हे मोजायचं.

मग पर्यायी कंट्रोल शोधलं. व्यवस्थापकीय संचालक दर महिन्याला निव्वळ विक्री बजेटशी ताडून पाहायचे आणि ती बैठक मार्चपर्यंत नियमित झाली होती. थोडा वेळ वाटलं, सुटलो. पण ते १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच खुलासा मागायचे. महिन्याची विक्री १५ कोटी, म्हणजे चाळणीचं भोक दीड कोटीचं. एखाद्या महिन्याच्या सगळ्याच क्रेडिट नोटा खोट्या निघाल्या असत्या तरी एवढा फरक पडला नसता, आणि आमची मर्यादा ९० लाख. पर्यायी कंट्रोल आहे एवढं लिहून भागत नाही. ते किती रकमेची चूक पकडतं हे आकड्यात लिहा. ही मटेरियल वीकनेस ठरली. परिणाम एका प्रक्रियेपुरता होता म्हणून मत क्वालिफाइड दिलं. सगळीकडे पसरलेला असता तर प्रतिकूल द्यावं लागलं असतं. संचालकांच्या अहवालाच्या मसुद्यात नियंत्रणं पुरेशी असल्याचं वाक्य आधीच होतं, ते बदलण्यासाठी संचालक मंडळाची बैठक पुढे गेली. हा त्रास त्यांना माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे झाला. जानेवारीत विचारलं असतं, तर दुसऱ्या कोणाला हे काम देऊन जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च असे तिन्ही आढावे वेळेत घेता आले असते.

म्हणून तक्त्यात प्रत्येक मुख्य कंट्रोलसमोर तीन रकाने हवेत: शेवटचं कोणत्या तारखेला चाललं, कोणी चालवलं, आणि आपल्या चाचणीनंतर माणूस, सॉफ्टवेअर किंवा पद्धत बदलली का. ऑक्टोबरची चाचणी ऑक्टोबरपुरतीच असते. मार्चमध्ये परत जा, चौथ्या तिमाहीतला निदान एक नमुना प्रत्यक्ष काढा, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची यादी मनुष्यबळ विभागाकडून घ्या. 'काही बदल नाही ना?' असं फोनवर विचारून 'नाही' लिहू नका. मलाही फोनवर 'नाही' असंच उत्तर मिळालं होतं.

उलट बाजूही तपासा. समजा एखादं कंट्रोल जूनमध्ये बिघडलेलं सापडलं आणि नोव्हेंबरपासून ते नीट चालतं आहे. मार्चपर्यंत ते पुरेशा वेळा चालताना दिसलं, तर आयएफसीचं मत स्वच्छ राहू शकतं, कारण मत ३१ मार्चचं आहे. पण हिशोबांच्या ऑडिटसाठी एप्रिल ते ऑक्टोबर त्या कंट्रोलवर विसंबता येणार नाही, तेवढ्या महिन्यांचे नमुने वाढवावे लागतील. आणि दुरुस्ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल, तर मासिक कंट्रोल एकदाही पूर्ण चाललेलं नसतं. नवी पद्धत कागदावर असणं पुरेसं नाही. कंपनीला दोष सांगायचा असेल तर डिसेंबरपर्यंत सांगा, म्हणजे दोन-तीन फेऱ्या पाहायला मिळतील. एप्रिलमधली दुरुस्ती मागच्या मार्चला लागू होत नाही, कितीही चांगली असली तरी.

राहिलेलं भराभर. ज्या रिपोर्टवर मॅनेजर आढावा घेतात तो सिस्टिममधून पूर्ण निघतो का, ते एकदा तपासा. गेलेल्या माणसांचे लॉगिन बंद झालेत का पाहा. मटेरियल वीकनेसपेक्षा कमी पण लक्षणीय दोष एसए २६५ प्रमाणे लेखी कळवा, तोंडी नको. आयएफसीचं मत बदललं, तर त्या दोषाचा विचार करून हिशोबांची तपासणी ठरवली होती आणि त्याचा हिशोबांवरच्या मतावर परिणाम होतो की नाही, हे जोडपत्रात लिहा. आणि फाइलमध्ये ती वाढवलेली तपासणी खरोखर दिसली पाहिजे. एकत्रित हिशोब असतील तर भारतातल्या उपकंपन्यांच्या ऑडिटरांचे अहवाल वेळेत मागवा, आणि त्यांनाही तारखेचाच प्रश्न विचारा. तीन रकान्यांतली एकही चौकट रिकामी असेल, तर फाइल सहीला पाठवू नका.