मध्यरात्रीनंतरची वेळ २४:२५ अशी दाखवताना या चुका टाळा

कोल्हापूरहून रात्री सुटणाऱ्या गाड्यांची यादी मी आमच्या मंडळासाठी एक्सेलमध्ये ठेवतो. एकदा त्यात आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या गाडीची पाटी होती ‘रविवार’ आणि साताऱ्यासमोर वेळ होती ००:२५. साताऱ्यात चढणाऱ्या मामांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. रविवार ००:२५ म्हणजे शनिवारी रात्री जेवण उरकून निघायचं. ते बायका-पोरांसह फलाटावर बसून राहिले. गाडी कोल्हापुरातूनच रविवारी रात्री सुटणार होती, म्हणजे साताऱ्यात ती यायची सोमवारी.

तेव्हापासून यादीत २४:२५ लिहितो. गाडीचा वार सुरुवातीच्या स्टेशनावरून ठरतो आणि घड्याळ तिथपासून पुढे मोजत जातं. रविवारची गाडी, रविवारचे चोवीस तास संपल्यावर पंचवीस मिनिटांनी. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळा देवघेव करण्यासाठी जो जीटीएफएस नावाचा साचा जगभर वापरतात, त्यातही ही पद्धत आहे. पण एक्सेलमध्ये ती टिकवताना हमखास घोळ होतो.

खालच्या वेळा फक्त समजण्यापुरत्या आहेत. डावीकडे स्टेशन, मग घड्याळातली वेळ, मग वाढीव वेळ:

```
A           B        C
कोल्हापूर     20:50    20:50
मिरज        21:55    21:55
कराड        23:20    23:20
सातारा       0:25     24:25
पुणे         3:10     27:10
मुंबई         7:25     31:25
```

पहिली चूक सेलच्या फॉरमॅटची. एक्सेलला वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक. २४:२५ म्हणजे एक पूर्ण दिवस आणि वर थोडंसं. फॉरमॅट `h:mm` असेल तर तो पूर्ण दिवस लपतो आणि ०:२५ दिसतं. आत आकडा बरोबर असतो, दिसतो मात्र चुकीचा. कस्टम फॉरमॅटमध्ये `[h]:mm` द्या. चौकटी कंसामुळे तास चोवीसला थांबत नाहीत. फॉर्म्युला बारमध्ये १९०० सालची तारीख दिसली तर घाबरू नका, ती त्या पूर्ण दिवसाचीच खूण आहे. खरं नुकसान सीएसव्ही करताना होतं. त्या फाइलमध्ये पडद्यावर दिसतं तेच उतरतं, त्यामुळे `h:mm` ठेवून सेव्ह केलंत तर दिवस कायमचा जातो. सेव्ह करण्याआधी कॉलमवर एक नजर टाकाच.

दुसरी चूक सूत्राची, आणि ती उशिरा कळते. ‘आधीच्या ओळीपेक्षा वेळ कमी असेल तर एक दिवस मिळव’ एवढंच लिहिलं तर साताऱ्याला २४:२५ बरोबर येतं, पण पुण्याला पुन्हा ३:१०. कारण ३:१० ही ०:२५ पेक्षा मोठीच आहे. आधी साठलेले दिवस पुढे न्यावे लागतात:

```
C2:  =B2
C3:  =B3+INT(C2)+(B3<B2)
```

`INT(C2)` हे आतापर्यंत उलटलेले दिवस, आणि कंसातली तुलना खरी ठरली की त्यात एकाची भर. हे सूत्र खाली ओढत न्या. दोन रात्रींची गाडी असली तरी चालतं. अट एवढीच की लागोपाठच्या दोन ओळींत चोवीस तासांपेक्षा कमी अंतर हवं. तुलना `B3<B2` अशीच ठेवा. काही जण `MOD(C2,1)` शी करतात, पण दिवस मिळवून परत काढला की दशांशात किंचित फरक राहू शकतो आणि दोन ओळींची वेळ एकच असताना उगाच एक दिवस वाढू शकतो. वेळ `TIME(24,25,0)` ने बनवू नका, कारण ते फंक्शन २३ च्या पुढचा तास गुंडाळून ०:२५ करतं.

गाडी मध्यरात्रीच एखाद्या स्टेशनवर उभी असेल, म्हणजे आगमन २३:५८ आणि प्रस्थान ०:०२, तर दोन्हींसाठी वेगळ्या ओळी करा. आगमन-प्रस्थान शेजारच्या कॉलमांत ठेवलं आणि सूत्र फक्त आगमनांची साखळी मोजत असेल, तर प्रस्थान एक दिवस मागे राहतं.

यादी तपासायची असेल तर तिची प्रत काढा, C कॉलममध्ये सूत्रांऐवजी फक्त मूल्यं पेस्ट करा आणि पूर्ण ओळी C नुसार चढत्या क्रमाने लावून बघा. स्टेशनांचा क्रम हलला नाही तर कुठे दिवस हरवलेला नाही. सातारा उडी मारून कोल्हापूरच्या वर गेलं, तर तिथे दिवस हरवलाय. शेवटच्या वेळेतून पहिली वजा करा: ३१:२५ वजा २०:५० बरोबर १०:३५ तास. घड्याळातल्या वेळा वजा केल्या तर एक्सेलमध्ये `#####` येतं, कारण उत्तर उणे असतं.

एक अपवाद सांभाळा. जी गाडी आपल्या पहिल्या स्टेशनातूनच रात्री ००:१० ला सुटते, ती आदल्या दिवसाची २४:१० करू नका. तिचा वार नवाच, ००:१०.

प्रवाशांना वाटायच्या प्रतीत मी आता वाढीव वेळेशेजारी आणखी एक कॉलम ठेवतो, चढण्याचा वार आणि तारीख. साताऱ्यासमोर ‘२४:२५, सोम. ००:२५, रविवारी रात्री निघा’. तिकिटावर चढण्याच्या स्टेशनची तारीख असते, म्हणजे सोमवारची, आणि ती या कॉलमशी जुळली पाहिजे.