‘सगळे नाही’ म्हणजे ‘कोणीच नाही’ नव्हे

पहिल्या वर्षाला असताना वादविवाद स्पर्धेत मी हरलो, तो एका ‘नाही’पायी. विषय ऑनलाइन परीक्षांचा होता. मी ठणकावून सांगितलं, "अशा परीक्षेत सगळेच कॉपी करतात." समोरची मुलगी म्हणाली, "सगळेच करतात असं नाही." मी ऐकलं मात्र ‘कोणीच करत नाही’, आणि कॉपीची एकेक उदाहरणं देत सुटलो. ती शांतपणे म्हणाली, "काही जण करतात हे मी नाकारलंच कुठे?" तिने न मांडलेला मुद्दा मी पाच मिनिटं खोडत बसलो होतो.

घरी येऊन कागदावर 40 जणांचा वर्ग मांडला. त्यातले 15 कॉपी करतात असं धरलं. आता ‘सगळे करतात’ हे खोटं आणि ‘कोणीच करत नाही’ हेही खोटं. पण विधान आणि त्याचा नकार यांतलं नेमकं एकच खरं असायला हवं. म्हणजे ‘सगळे करतात’चा नकार एवढाच: निदान एक जण करत नाही. ‘काही जण करतात’चा नकार ‘काही जण करत नाहीत’ असा वाटतो, पण 15 आणि 25च्या या वर्गात दोन्ही खरी ठरतात. खरा नकार ‘एकही जण करत नाही’ हा.

यात आपली मराठीही गोंधळ घालते. ‘सगळे आले नाहीत’ म्हणजे कोणीच आलं नाही, की काहीच जण आले? म्हणून मी नकार बाहेर काढून लिहितो: ‘सगळे आले, असं नाही.’

‘आणि’-‘किंवा’चं गणित डी मॉर्गनच्या नियमांचं आहे. (हा गणितज्ञ 1806 साली मदुराईत जन्मला, हे मला फार उशिरा कळलं.) ‘परीक्षा स्वस्त आणि न्याय्य आहे’ हे खोडायला ती स्वस्त नाही किंवा न्याय्य नाही, एवढं दाखवलं की झालं. मी उगाच दोन्ही पाडायला जायचो आणि एकात अडकलो की सगळाच मुद्दा सोडून द्यायचो. उलट ‘घरून किंवा केंद्रावर देता येते’ हे खोडायचं तर दोन्ही वाटा बंद आहेत हे दाखवावं लागतं.

दोन्ही प्रकार एकत्र आले की बाहेरून आत जायचं. ‘प्रत्येकाकडे फोन आहे आणि नेट आहे.’ आधी ‘प्रत्येक’चं ‘निदान एक’ करायचं, मग ‘आणि’चं ‘किंवा’, शेवटी दोन्ही तुकड्यांना ‘नाही’ लावायचं: निदान एक जण असा आहे, ज्याच्याकडे फोन नाही किंवा नेट नाही. असा एक विद्यार्थी सापडला की विधान पडलं. समोरचा ‘बहुतेकांकडे’, म्हणजे निम्म्याहून जास्त जणांकडे, असं म्हणाला असेल तर मात्र तो एक पुरत नाही. 40च्या वर्गात असे किमान 20 दाखवावे लागतात.