पुणे, लंडन, सॅन फ्रान्सिस्को: तीन घड्याळांची एक टीम कशी चालवावी

समजा, प्रकरण असं आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी नऊ जणांची टीम आहे. पाच जण पुण्यात, दोन लंडनला, दोन सॅन फ्रान्सिस्कोला. रोज रात्री साडेनऊला पुण्याची मंडळी सगळ्यांच्या मीटिंगला बसतात, तरी कामं लांबतात. लंडनवाले म्हणतात, पुण्याहून उत्तरच येत नाही. पुणेकर म्हणतात, निर्णय होऊन गेल्यावर आम्हाला कळतं. नव्या मॅनेजरने कुठून सुरुवात करावी?

आधी नुकसान कुठे होतंय ते मोजा. मंगळवारी दुपारी ३ वाजता सॅन फ्रान्सिस्कोहून निरोप आला, "रिफंडचा आकडा चुकतोय, जरा बघ." पुण्यात तेव्हा उन्हाळी वेळेप्रमाणे बुधवार पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. सकाळी १० वाजता पुण्याची मुलगी विचारते, "कोणत्या ग्राहकाचा?" तिकडे मंगळवारचे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे उत्तर बुधवारी सकाळी ९ वाजता. ते पुण्यात रात्री साडेनऊला पोहोचतं आणि काम गुरुवारी सकाळी सुरू होतं. एका अपुऱ्या वाक्याने पूर्ण दिवस खाल्ला. याला फेरी म्हणू. मागच्या दोन आठवड्यांतली दहा कामं काढा आणि प्रत्येकात "म्हणजे काय?", "कुठे?", "कोणी करायचं?" अशा किती फेऱ्या झाल्या ते मोजा. पुढचे सगळे नियम ही संख्या कमी करण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: घड्याळ कागदावर मांडा

भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, तिकडे वर्षातून दोनदा बदलतं. पुणे लंडनच्या पुढे उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढे ते साडेबारा आणि साडेतेरा तास असतं. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. परतताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातला फरक आठऐवजी सात तासांचा होतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लोक मीटिंग चुकवतात. म्हणून मीटिंग कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे ते ठरवा आणि कॅलेंडरमध्ये तोच झोन निवडा.

इथे ती भारताच्या घड्याळाला, म्हणजे कॅलेंडरमधल्या `Asia/Kolkata` या झोनला बांधावी. सॅन फ्रान्सिस्कोला बांधली, तर तिथली सकाळची ९ ची मीटिंग हिवाळ्यात पुण्याच्या रात्री साडेदहावर जाते, आणि सगळ्यात जास्त माणसं तर पुण्यातच आहेत.

दुसरी पायरी: रोजची मीटिंग बंद करा

तिन्ही शहरांना एकत्र बसता येईल असा एकच तुकडा आहे, पुण्याची रात्र. तो आठवड्यातून एकदाच वापरा: बुधवारी रात्री साडेआठ ते सव्वानऊ. लंडनला तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे ४ असतात, सॅन फ्रान्सिस्कोला सकाळचे ८. हिवाळ्यात तिकडे ३ आणि ७ वाजतात. लंडनला ही वेळ कायमच सोयीची आहे, म्हणून इतिवृत्त लिहिण्याचं काम लंडनकडे द्या. रात्री बसलेले पुणेकर दुसऱ्या दिवशी साडेअकराला कामाला लागतील, हेही लेखी ठेवा. नाहीतर ती सवलत कागदाबाहेर राहते आणि मागायला सगळे लाजतात.

महिन्यातून एका आठवड्यात ओझं उलटं करा. त्या बुधवारची मीटिंग रद्द करून गुरुवारी पुण्याच्या सकाळी साडेआठला घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा बुधवारची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात ८ आणि हिवाळ्यात ७. लंडन झोपेत असतं, त्यांनी सकाळी इतिवृत्त वाचावं. एकदा घरच्या वेळेत मीटिंगला बसून बघितलं की रात्रीच्या मीटिंगबद्दलची अमेरिकेतली समज बरीच बदलते. पुणे आणि लंडन यांना उन्हाळ्यात दुपारी दीड ते साडेसहा आणि हिवाळ्यात अडीच ते साडेसहा एवढा वेळ तसाही मिळतो, त्यांचं बोलणं त्यातच होऊ द्या.

तिसरी पायरी: लिहिण्याचे नियम

निरोप असा हवा की वाचणाऱ्याला काहीही न विचारता काम सुरू करता यावं. वरचाच निरोप असा लिहा:

"ग्राहक क्रमांक अमुक, ३ जूनचं बिल. रिफंड १२० डॉलर हवा, १०२ दिसतोय. स्क्रीनचा फोटो जोडला आहे. कर दोनदा वजा होतोय असं वाटतं. शुक्रवारी तुमच्या संध्याकाळी ६ पर्यंत हवं. मी झोपेत असताना शंका आली, तर कर एकदाच धरून पुढे जा."

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. उत्तर मिळेपर्यंत काय गृहीत धरायचं ते त्यात आहे, त्यामुळे एक फेरी जागीच वाचते. वेळ लिहिताना ती वाचणाऱ्याच्या शहराची लिहावी. "उद्या" आणि "आज संध्याकाळी" हे शब्द वर्ज्य.

दिवस संपताना प्रत्येकाने तीन ओळी ठेवाव्यात: काय झालं, काय अडलं, आता चेंडू कोणाकडे. साध्या निरोपाला स्वतःच्या एका कामाच्या दिवसात उत्तर द्यावं. खरोखर आग लागली असेल तरच फोन करावा, आणि आग म्हणजे काय तेही लिहून ठेवावं: ग्राहकाला बिल भरताच येत नाही, किंवा चुकीचे पैसे कापले जात आहेत.

निर्णयाचा नियम वेगळा आहे. पुण्यातले पाच जण चहाला उभे असताना अर्धे निर्णय होऊन जातात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण उरलेले चौघे बाहेर राहतात. म्हणून तो निर्णय लेखी प्रस्ताव समजावा आणि तिन्ही शहरांचा एक कामाचा दिवस उलटल्याशिवाय पक्का मानू नये. सॅन फ्रान्सिस्कोची शुक्रवार दुपार म्हणजे पुण्याची शनिवार पहाट, तेव्हा टाकलेल्या प्रस्तावाची मुदत सोमवार धरूनच मोजा.

चौथी पायरी: विश्वास

विखुरलेल्या टीमवरच्या कॅथरीन क्रॅम्टन यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: गप्प राहण्याचा अर्थ दूरच्या माणसाला लावता येत नाही. सुटी, बंद इंटरनेट, नाराजी, संमती, सगळं सारखंच दिसतं. मग माणूस परिस्थितीऐवजी स्वभावाला दोष देतो. "उत्तरच येत नाही" ही लंडनची तक्रार बहुधा इथूनच येते.

यावर दोन उपाय आहेत. सगळ्यांच्या सुट्यांचं एकच कॅलेंडर ठेवा, गणेशचतुर्थी आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं थँक्सगिव्हिंग शेजारी शेजारी. दुसरा उपाय आपल्या बोलण्यातला आहे. आपलं "हो" बरेचदा "ऐकलं" एवढंच सांगतं आणि "बघतो" तर काहीच सांगत नाही. पलीकडचा मात्र ते वचन म्हणून धरतो. काम घेताना म्हणावं, "समजलं, गुरुवारपर्यंत देतो, बँकेची फाइल आली नाही तर अडेल." ज्येष्ठांसमोर नाही म्हणायला जड जात असेल, तर मॅनेजरने "होईल का?" असं विचारू नये. "यात काय अडू शकतं?" असं विचारावं.

पहिल्या महिन्यात मोठी कामं वाटू नका. दोन शहरांतल्या दोघांच्या जोड्या लावून दोन-तीन दिवसांची कामं द्या, म्हणजे शब्द दिला आणि पाळला असं लवकर आणि अनेकदा घडेल. मुदत चुकणार असेल तर ती उलटण्याआधी कळवणाऱ्याला बोलणी बसता कामा नयेत. एकदा जरी बसली, तरी पुढची वाईट बातमी मुदत उलटल्यावरच कळेल.

सहा आठवड्यांनी पुन्हा दहा कामांच्या फेऱ्या मोजा. फेऱ्या कमी झाल्या, पण रात्री साडेनऊनंतर पुण्यातून जाणारे निरोप तेवढेच राहिले, तर लोक नियम पाळून वर जागतही आहेत. अशा वेळी आधी मॅनेजरने स्वतःचे रात्रीचे निरोप थांबवावेत आणि ते सकाळी पोहोचतील असे वेळ लावून ठेवावेत.