खोल्या सगळ्या जोडलेल्या, तरी चावी कुलपामागेच

माझ्या गेममध्ये कोडने आपोआप बनणाऱ्या नकाशात सगळ्या खोल्या जोडलेल्या, पण मधूनच लाल दाराची चावी लाल दारामागेच पडायची. असा नकाशा टाकून नवा बनवत राहिलो, तर दारं वाढली की लोडिंग संपेचना. नुसता वैताग!

शेवटी क्रम बदलला. आधी खोल्यांचं स्पॅनिंग ट्री, सगळ्या खोल्या कमीत कमी बोळांनी जोडणारं जाळं, म्हणजे एकही खोली सुटत नाही. मग दोन-चार जादा बोळ. कुलूप फक्त अशाच बोळाला, जो काढल्यावर नकाशाचे दोन तुकडे होतात. नाहीतर खेळाडू वळसा घालून आत शिरतो. त्यानंतर सगळी कुलूपबंद दारं भिंत समजून सुरुवातीच्या खोलीपासून फ्लड फिल, म्हणजे तिथून चालत पोचता येईल ती प्रत्येक खोली भरत जायची. भरलेल्या भागाला लागून असलेलं एक दार निवडायचं आणि त्याची चावी त्याच भागात ठेवायची, शक्यतो नुकत्याच उघडलेल्या खोल्यांत. ते दार उघडं धरून पुन्हा फ्लड फिल, दारं संपेपर्यंत.