नुसता स्क्रीनशॉट आला की या चुका टाळा

सकाळी कळव्याला गाडीत चढतोय तेवढ्यात ऐरोलीच्या मावशीचा मेसेज, मेसेज कसला, नुसता स्क्रीनशॉट. वर ना हाय ना काय झालं, खाली लाल अक्षरात SMS verification failed आणि पैसे पाठवायच्या ॲपचा लोगो, बस. तुमच्याकडेही असेच येत असतील, फॅमिलीत एक जण "मोबाईलवाला" ठरलेला असतोच.

माझी पहिली चूक ही की मी लगेच टाईप केलं, "ॲप काढून परत टाक." हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं औषध आहे आणि इथे तेच नडलं. UPI चं ॲप नव्याने टाकलं की ते तुमच्या फोनमधून एक एसएमएस पाठवून नंबर पुन्हा तपासतं, आणि मावशीचं गाडं तर त्याच एसएमएसवर अडलेलं! म्हणजे मी तिला परत त्याच दारात नेऊन उभं केलं, वर भाषा निवडा, परवानग्या द्या हे सगळं पहिल्यापासून.

मग गाडीत जागा मिळाल्यावर स्क्रीनशॉट झूम करून वाचला. लाल ओळीच्या खाली बारीक करड्या अक्षरात लिहिलेलं होतं की बँकेत दिलेल्या नंबरचं सिम या फोनमध्ये आहे का आणि एसएमएससाठी बॅलन्स आहे का ते बघा. आपण लाल तेवढं वाचतो आणि कामाचं नेमकं करड्यात असतं. फोटोची वरची पट्टीही बघा, तिथे मावशीच्या दोन्ही सिमची रेंज फुल होती, विमान मोड नव्हता, वेळ 9:12. म्हणून स्क्रीनशॉट कापून पाठवू नका म्हणतो मी, ती पट्टी कापली की अर्धी माहिती गेली. (पिनच्या पानाचा स्क्रीनशॉट बरेचदा निघतच नाही, काळा येतो, ते मुद्दाम तसं केलेलं असतं, आणि पिन किंवा ओटीपी मागायचा नाहीच.)

आता प्रश्न. सगळे एकदम विचारू नका, पाच प्रश्न टाकले की उत्तर येतं "हो". एकेक विचारायचा.

पहिला, फोन कुठला? हे उगाच नाही. अँड्रॉइडवर परवानगी दिली की तो एसएमएस ॲप स्वतःच गुपचूप पाठवतं, आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते आणि पाठवायचं बटण आपल्याला दाबावं लागतं, लोक तिथेच मागे येतात किंवा आतली विचित्र अक्षरं खोडतात. मावशीचा अँड्रॉइड, त्यामुळे ही शंका मिटली.

दुसरा, बँकेत कुठला नंबर दिलाय आणि ॲपमध्ये कुठलं सिम निवडलंस? तिने बरोबर निवडलं होतं.

तिसरा, कालपासून फोनमध्ये काही बदललंस का? "नाही रे, काहीच नाही." हे उत्तर कधीच खरं धरू नका. मी तोच प्रश्न फिरवून विचारला, काल कुठल्या दुकानात गेली होतीस का फोन घेऊन? "हां, ते सिम जुनं झालेलं, दुपारी बारा वाजता नवीन बदलून आणलं, नंबर तोच आहे पण."

संपलं. सिम बदललं की नवीन सिम चालू झाल्यापासून 24 तास त्यावर एसएमएस जातही नाहीत आणि येतही नाहीत, हा 2022 पासूनचा दूरसंचार विभागाचा नियम आहे, दुसऱ्याच कोणी आपल्या नंबरचं सिम काढून खातं साफ करू नये म्हणून. कॉल चालतो, नेट चालतं, म्हणून माणसाला वाटतं सिम ठणठणीत आहे आणि ॲपच बिघडलंय.

खात्री कशी करायची? फोनच्या साध्या मेसेजमधून त्याच सिमवरून घरातल्या कोणाला तरी "टेस्ट" असा एसएमएस पाठवायचा, व्हॉट्सॲपवर नाही. मावशीचा गेलाच नाही, म्हणजे ॲप निर्दोष. तोपर्यंत तिने सहा वेळा प्रयत्न करून झालेला, तो थांबवायला सांगितला, कारण फार वेळा चुकलं की काही ॲप काही तासांसाठी अडकवून ठेवतात. दूधवाल्याला रोख दे म्हटलं.

दुपारी पाऊणला पुन्हा केलं, पहिल्याच झटक्यात झालं.

टेस्ट एसएमएस गेला आणि तरी ॲप अडलं, तर मात्र ॲपची एसएमएसची परवानगी बघा आणि बँकेत जुना नंबर तर नाही ना ते विचारा. आणि 24 तास उलटूनही साधा एसएमएस जात नसेल तर रिचार्जमध्ये एसएमएस आहेत का बघा, काही स्वस्त पॅकमध्ये ते नसतातच आणि मेन बॅलन्स शून्य असतो.