एपिसोड मोजू नका, मिनिटं मोजा: सीझनचा आकडा जुळत नाही तेव्हा

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीनं परवा फोन केला. ‘मनी हाइस्ट’चा पहिला सीझन नऊ एपिसोडचा, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं आणि नेटफ्लिक्सवर तर तेरा दिसत होते. “अरे, हे चार मागाहून घातलेत का? वगळले तर चालतील?” मी म्हटलं, “मावशी, एकही वगळू नकोस.”

हीच चूक सगळ्यात जास्त होते. जास्तीचे एपिसोड म्हणजे जास्तीची गोष्ट, असं आपण धरून चालतो. ही मालिका 2017 साली स्पेनच्या अँतेना 3 वाहिनीवर आली, तेव्हा एकेक एपिसोड सुमारे 70 मिनिटांचा होता. आधी नऊ, मग सहा, असे एकूण पंधरा. नेटफ्लिक्सनं जगभर दाखवताना तेच चित्रण छोट्या तुकड्यांत पुन्हा कापलं आणि तेरा व नऊ, म्हणजे बावीस एपिसोड केले. हिशेब करून पाहा. नऊ गुणिले 70 म्हणजे 630 मिनिटं. त्याला तेरानं भागलं तर एकेकाला साधारण 48 मिनिटं येतात. गोष्ट तेवढीच आहे.

दुसरी चूक यातूनच होते. स्पेनची यादी हाताशी धरून “पाचवा बघितला” असं कुणी म्हणालं, तर तो 280व्या मिनिटापासून 350व्यापर्यंतचा मजकूर झाला. नेटफ्लिक्सवर तो अंदाजे सहाव्याच्या शेवटापासून आठव्याच्या सुरुवातीपर्यंत पसरतो. म्हणून एपिसोडच्या आकड्यावर गप्पा मारू नका, प्रसंग सांगा. सबटायटलची फाइल जुळत नसेल तरी आधी हेच तपासा. ती दुसऱ्या कापणीची असेल, तर वेळ कितीही मागेपुढे सरकवली तरी ती बसणार नाही.

मराठीत आणखी एक घोटाळा होतो. ‘भाग’ म्हणजे एपिसोडही आणि पार्टही. या मालिकेचे पार्टच पाच आहेत, तेव्हा “भाग पाच” म्हटलं की ऐकणारा गोंधळतोच. इथं सरळ ‘एपिसोड’ म्हणावं.

मात्र मिनिटांची बेरीजच वेगळी आली, तर ते प्रकरण निराळं. ‘फ्रेंड्स’च्या डीव्हीडीवर कितीतरी एपिसोडना वाढीव दृश्यं आहेत. तिथं एपिसोड तेवढेच राहतात, प्रत्येकाची लांबी वाढते. याच मालिकेचा दहावा सीझन कुठं सतरा, कुठं अठरा एपिसोडचा दिसतो, कारण 6 मे 2004 चा जोडशेवट कुणी एक धरतं, कुणी दोन. आणि युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर 100 मिनिटांचं चित्रण 96 मिनिटांत संपलं, तर काही कापलंय असं समजू नका. तिथल्या पद्धतीत सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटी चालतात, म्हणून सगळंच किंचित भरभर सरकतं.

मावशीनं काल सातवा संपवला. नेटफ्लिक्सचा सातवा.